भूपाचा विस्तार: खालीपासून मुखड्यापर्यंत

वयाच्या चाळिशीनंतर गाणं शिकणाऱ्यांसाठी ही नोंद आहे. राग ओळखता येतात, मैफलीत कोणी कुठे काय केलं ते कळतं, पण तंबोरा लावून स्वतः विस्तार करायला बसलं की त्याच चार जागा पुन्हा पुन्हा येतात, अशा मंडळींसाठी. नोकरी सांभाळून ग्वाल्हेरला लष्कर भागात बाईंकडे शिकते. भूपाचा बडा ख्याल, ताल तिलवाडा. गेले काही महिने फक्त एवढंच धरून बसले आहे, आणि पुष्कळ दिवसांनी गळ्यात काहीतरी हललंय.

आपल्या शहरात कान आपोआप तयार होतो. डिसेंबरात तानसेन समारोह, एरवी कोणाकडे ना कोणाकडे बैठक. देशकारातला धैवत लागला की हा भूप नाही हे मला पहिल्या दोन स्वरसमूहांत कळतं. स्वर तेच, सा रे ग प ध. पण भूपाचा जीव गंधारात आणि देशकाराचा धैवतात. हे ओळखणं वेगळं आणि लय चालू असताना पुढची जागा सुचणं वेगळं. पहिलं ऐकून येतं. दुसरं नुसतं ऐकून येत नाही, हे मला आता पक्कं पटलं आहे. म्हणून या काळात मी नवीन रेकॉर्डिंगं ऐकणं जवळजवळ बंद केलं.

सुरुवात बाईंच्या सांगण्यावरून झाली. त्या म्हणाल्या, “पाच मिनिटं गा, फोनवर टेप करा, आणि जे गायलात ते स्वरलिपीत लिहून आणा. मात्रांसकट.” मात्रांसकट लिहिल्यावर गोष्ट दिसली. माझा तबला मिनिटाला ४० मात्रांवर लावलेला असतो, म्हणजे मात्रेला दीड सेकंद, आवर्तन २४ सेकंदांचं. आमच्या बंदिशीचा मुखडा १३व्या मात्रेपासून उठतो, म्हणून विस्ताराला १२ मात्रा, १८ सेकंद मिळतात. माझा श्वास आरामात नऊ सेकंद पुरतो. त्यामुळे प्रत्येक आवर्तनात दोनच वाक्यं, दोन्ही सारख्या लांबीची, दोन्ही षड्जापासून उठून गंधारावर थांबणारी. राग बिघडत नव्हता, सूर बरे होते, तरी ऐकणाऱ्याला सगळी आवर्तनं एकच वाटणार. स्वरांची कल्पना कमी पडते असं मला वाटायचं. कागदावर दिसलं की आकार ठरवत होता तो माझा श्वास.

मग बाईंनी एक आवर्तन गाऊन दिलं. ते मी निम्म्या गतीने, सूर न बदलता ऐकून मात्रांवर बसवलं. ते साधारण असं होतं. समेवरचा गंधार दोन मात्रा तसाच धरला. तिसरी मात्रा रिकामी. चौथीपासून सहावीपर्यंत छोटंसं ‘सा रे ध़ सा’, आणि षड्जावर थांबणं. सातवीला श्वास. आठवीपासून दहावीपर्यंत ‘सा रे ग, रे ग प ग’, आणि ११-१२ला ‘ध प ग रे सा’ अशी उतरण, की लगेच मुखडा. एकही अवघड जागा नाही. यातला प्रत्येक स्वरसमूह मला आधीपासून येत होता. नवीन होती ती रिकामी मात्रा, तीन मात्रांचं छोटं वाक्य आणि त्याच्यापुढे पाच मात्रांचं मोठं.

हे आवर्तन पाठ करून गाणं हा पहिला टप्पा. खरं काम पुढे आहे: सांगाडा तोच ठेवायचा आणि स्वर बदलायचे. छोटं वाक्य कधी ‘ग रे सा’, कधी ‘ध़ सा रे’. मोठं वाक्य मंद्रातून उठवायचं, किंवा पंचमापासून सुरू करायचं. सांगाडा हाताशी आला की तो उलटा करायचा, आधी मोठं, मग छोटं. एका बैठकीत एकच सांगाडा. दोन घेतले की पुन्हा जुन्या सवयीची दोन सारखी वाक्यं परत येतात.

आता मुखड्याकडे वळण्याबद्दल, कारण सगळ्यांत जास्त तिथेच अडतं. तिलवाड्याचा ठेका असा:

धा तिरकिट धिं धिं, धा धा तीं तीं, ता तिरकिट धिं धिं, धा धा धिं धिं.

यात सातव्या मात्रेला डग्ग्याची घुमक जाते आणि ११व्या मात्रेच्या ‘धिं’ला परत येते. तिच्यानंतर दोन मात्रांनी आपला मुखडा. म्हणून बोटांवर मात्रा मोजायच्या नाहीत, घुमक गेली की मोठं वाक्य उचलायचं आणि ती परतली की उतरणीला लागायचं. बोटं मोजायला लागलं की सूर ढिला पडतो, हे कोणीही करून पाहावं. चुकतंय कुठे हे टेप ऐकून कळतं: मुखड्याचे पहिले शब्द एकमेकांवर आदळत असतील तर उशिरा वळलात, मुखड्याआधी एखादा स्वर उगाच ताणला जात असेल तर लवकर वळलात. पहिल्यावर उपाय म्हणजे मोठं वाक्य एका मात्रेने आखूड करणं. दुसऱ्यावर उपाय म्हणजे ती जास्तीची जागा समेनंतर रिकामी सोडणं.

एक धोका सांगायला हवा. गंधारावर थांबायची सवय मोडायची म्हणून आपण दुसरीकडे थांबायला जातो, आणि भूपात धैवतावर जरा रेंगाळलं की देशकार डोकावतो. पंचमावर थांबा, षड्जावर थांबा, मंद्र धैवतावरून षड्जाला या. मध्य सप्तकातल्या धैवतावर मात्र वस्ती नको. शंका आली तर लगेच ‘प ग, रे ग, सा रे ध़ सा’ घेऊन गंधाराला यायचं, राग जागेवर येतो.

ग्वाल्हेर घराण्यात आधी अस्ताई-अंतरा घोटून घेतात, मग बहलावे, मग बोलआलाप, मग ताना. वर्षानुवर्षं हे ऐकत होते, पण बहलाव्याचं काम नेमकं काय ते आता कळतंय. आकारातलं, लयीला धरून चाललेलं हे काम बंदिशीच्या चालीतून निघतं. बंदिशीचे शब्द कुठल्या मात्रेवर पडतात हे गळ्यात पक्कं नसेल तर वरचा सांगाडा लावताच येत नाही. म्हणून रोज विस्ताराआधी अस्ताई तीनदा, नुसती, कुठलीही भर न घालता.

या पद्धतीने मींड सुधारत नाही. ‘सां ध’ आणि ‘प ग’ या मींडा माझ्या अजून तुटक आहेत. त्यासाठी ताल बंद करून वेगळा रियाज लागतो. तानांनाही याचा फारसा उपयोग नाही. शिवाय ॲपवरचा तबला ढळत नाही, पण तबलजी बसले की लय हळूहळू चढते. लय ४०ची ४८ झाली की १२ मात्रांना १८ऐवजी १५ सेकंदच मिळतात. सेकंदांच्या अंदाजाने चाललो तर मुखडा हुकणारच; बोल ऐकत गेलो तर सांगाडा टिकतो. मागच्या बैठकीत बाईंनी मुद्दाम लय वाढवायला सांगितली, तेव्हा सुरुवातीची आवर्तनं घाईत गेली, पण नंतर घुमक कानात बसली आणि मुखडा सैल आला.

पुढचं काम अंत्र्याचं. तिथे तार षड्जाला जाऊन परतायचं असतं, श्वास लवकर संपतो, तेव्हा पाच मात्रांचं मोठं वाक्य बहुधा चारवर आणावं लागेल. बाईंकडून अंत्र्याचं एक आवर्तन टेप करून घेतलं आहे, या आठवड्यात ते मात्रांवर बसवते.