सांगता येणार नाही

काल रात्रीपासून डोक्यात एकच वाक्य घोळतंय. "आई, ते मला सांगता येणार नाही." प्रेमाने म्हणाली, म्हणून जास्त लागलं. तडकून म्हणाली असती तर मीही चार शब्द ऐकवून मोकळी झाले असते.

इतके दिवस मात्र आई लागत होती. तिकडे जर्मनीत लेकीची ड्युटी संपली की फोन, इकडे नौपाड्यात मी चष्मा, पेन्सिल आणि रेघांची वही घेऊन तयार. ह्यांचं जेवण ओट्यावर झाकून ठेवलेलं. तिच्या बारावीलासुद्धा मी इतकी तयारी केली नसेल.

ती ज्यांची शुश्रूषा करायची त्या आजी गेल्या तेव्हाही पहिला फोन मलाच आला. तिकडे कुणी गेलं की खोलीची खिडकी उघडतात, ती हिनेच उघडली. मग सामानाची यादी करताना कपाटात चष्म्याच्या डबीखाली घडी घातलेला एक कागद निघाला. मुलाने पाहिला आणि परत हिच्या हातात दिला. त्याला एक ओळही लागेना. आईचं अक्षर आयुष्यभर पाहिलेलं, पण हे ते नव्हतंच. नात कॅनडात, तिला जर्मन बोलण्यापुरतंच येतं. मुलगा म्हणाला, जमलं तर तुम्हीच वाचा आणि नातीसाठी इंग्रजीत करून द्या. का, तर आजींचं बोलणं शेवटी शेवटी फक्त हिलाच कळायचं.

हिला जर्मन येतं, रुग्णांच्या नोंदी रोज जर्मनमध्येच लिहिते. पण हा अडथळा भाषेचा नव्हता. फोनवर म्हणाली, "आई, हे तुझ्या मोडीसारखं काहीतरी आहे गं." झालं, मी विरघळले.

खरंच तसं होतं. झ्यूटरलीन नावाच्या बर्लिनच्या एका चित्रकाराने प्रशियाच्या सरकारसाठी शाळेतल्या पोरांकरता एक वळण बसवून दिलं, ते १९१५पासून तिथल्या शाळांत शिकवायला लागले. पुढे १९४१मध्ये नाझी सरकारनेच जुनी अक्षरं बंद केली आणि शाळांत आताचं रोमन वळण आलं. या आजींचा जन्म १९३१चा. म्हणजे पहिली अक्षरं जुनी गिरवली, आणि हात बसतो न बसतो तोच नवी आली. जन्मभर नवीच लिहिली, शेवटी आजारपणात हात आपणहून पहिल्या वळणाला गेला. मुलाने ते कधी पाहिलेलंच नव्हतं.

रेकॉर्ड रूममध्ये माझी उमेदीची वर्षं गेली. २०२३मध्ये कुणबी नोंदी शोधायला सुरुवात झाली आणि मोडी वाचणाऱ्यांना एकदम भाव आला, तेव्हा निवृत्त असूनही मला बोलावणी आली. तर आपल्याला कळतं थोडंफार, असा माझा समज. हिने नेटवरून त्या लिपीचा तक्ता काढला होता आणि त्याच्याशी एकेक अक्षर ताडून पाहत बसली होती. मी म्हटलं, तक्ता बाजूला ठेव. तक्त्यातलं अक्षर कुणाच्याच हातचं नसतं. मोडीचा छापील तक्ता पाठ करून येतात पोरं, आणि एखाद्या घाईच्या कारकुनाचं पान समोर ठेवलं की घाम फुटतो. आधी त्या बाईच्या हातची अक्षरं गोळा कर.

ती गोळा करायची कशी, तर ज्याबद्दल शंका नाही त्या शब्दांपासून. वर तारीख असणार, मायना असणार, नाव असणार. नशीब असं की जुन्या वळणात लिहिणारी माणसंसुद्धा नावं पुष्कळदा रोमन अक्षरांत घालायची, तशी यातही होती. ती आयती मिळाली. मायना ठरलेला, त्यातून चार-पाच अक्षरं पक्की झाली. कोऱ्या कागदावर ती मांडली आणि मग पुढच्या ओळी.

अडलं ते उभ्या काड्यांपाशी. या लिपीतला e म्हणजे जवळजवळ दोन काड्या, n म्हणजेही दोनच, जरा फाकलेल्या, आणि m म्हणजे तीन. u अगदी n सारखाच, फक्त डोक्यावर छोटी चंद्रकोर. त्यामुळे एखादा शब्द सगळा काडेपेटी सांडल्यासारखा दिसतो. त्यात आजींना पार्किन्सन. मी म्हटलं, काड्या मोजू नकोस, आधी रेघेच्या वर काय काय आहे ते टिपून घे. टिंब दिसलं तिथे i, चंद्रकोर दिसली तिथे u. m किंवा n वर आडवी रेघ असेल तर ते अक्षर दोनदा. हे खिळे ठोकले की मधल्या काड्यांना फार पर्याय उरत नाहीत. मोडीत नेमकं उलट, आडवी रेघ आधी पानभर ओढलेली, शब्द तोडलेले नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नाही. तिथे अर्थच वाट दाखवतो. इथे निदान शब्द सुटे होते. मला जरा हेवाच वाटला त्या लिपीचा.

एक गोष्ट मात्र तिने सांगितली, जी मला सुचली नसती. पान अर्ध्यावर आलं की अक्षर एकदम बारीक होत जायचं, ओळीच्या शेवटी तर मुंगीएवढं, आणि पुढच्या परिच्छेदात पुन्हा मोठं. मी म्हटलं, दुसऱ्या कुणीतरी लिहिलं असेल. रेकॉर्डमध्ये हात बदलला की आम्ही आधी हाच संशय घेतो. ती म्हणाली, "नाही आई, गोळीचा परिणाम ओसरत आला की त्यांचं अक्षर असंच आक्रसायचं. जेवणाचं मेनूकार्ड भरतानासुद्धा." म्हणजे लेव्होडोपाची एक गोळी उतरत असताना लिहायच्या थांबल्या आणि पुढची चढल्यावर परत बसल्या. काड्यांमधलं अंतर बारीक भागात वेगळं आणि मोठ्या भागात वेगळं धरायचं, हे त्यावरूनच ठरलं. तोवर बारीक ओळींतला प्रत्येक n आम्ही e वाचत होतो. मी गप्प बसले. लेकीने आपल्याला आपल्याच विषयात शिकवावं, यात आनंद मानायचा की काय, ते ठरवायला वेळ लागला.

आता खरी गोष्ट. हे सगळं चाललेलं असताना तिने मला तो कागद दाखवला नाही. एकदाही नाही. अडलेलं अक्षर वहीत स्वतः काढायची आणि ती वही कॅमेऱ्यासमोर धरायची. फार तर अर्धा शब्द. मी म्हणायची, अगं फोटो पाठव ना, मागचं-पुढचं दिसल्याशिवाय कसं सांगू? "नाही गं, चालत नाही." तिकडे रुग्णाबद्दल बाहेर बोलणं कायद्याने गुन्हा आहे, आणि माणूस गेल्यावरही ते बंधन सुटत नाही. मुलाने तिला वाचायची परवानगी दिली होती. ठाण्यातल्या बाईला नव्हे.

तेव्हा मला ते शहाणपणाचं वाटलं. पण काल पूर्ण झालं. माझ्याच हट्टाने तिने आधी ओळीला ओळ तशीच उतरवली होती, न लागलेल्या जागी रिकामे चौकोन सोडून. त्यानंतरच इंग्रजी करायला घेतलं. (पहिल्या दिवशी थेट इंग्रजी करत सुटली होती. तसं केलं की मन आपल्याला हवं ते वाचतं, हे मी शंभरदा पाहिलंय.) दोनच चौकोन उरले, ते तसेच ठेवून दिले मुलाच्या हातात. तो रडला म्हणे. नातीचा फोन आला म्हणे. मी विचारलं, "काय होतं गं मग त्यात?"

आणि ते वाक्य.

मी म्हटलं बरं, ठेवते, दूध वर येतंय. दूध बिध काही नव्हतं गॅसवर.

मग काय, झोप नाही. परक्या म्हातारीच्या पानावर ही ड्युटी करून करून दमलेली पोर रात्र रात्र बसते, आणि माझे व्हॉइस मेसेज दीडपट वेगाने ऐकते. माझा आवाज म्हणे तसा बरा लागतो. तिला अक्षर लावायला मी हवी, पण अक्षरांचा अर्थ ऐकायला नको. आणि "माझी आजी, माझी आजी" करत होती त्यांना. हिची सख्खी आजी कोपरीला एकटी पडून असायची तेव्हा... जाऊ दे. तो विषय नाही.

सकाळी ह्यांना सांगितलं. वाटलं, बाजू घेतील. हे चहाचा कप खाली ठेवून इतके हसले की ठसका लागला. "काकांच्या गहाणखतात काय होतं?" असं विचारलं. मी गप्प. लग्नानंतर दोन-तीन वर्षांत ह्यांच्या चुलत घराण्याचा एक मोडी कागद आमच्या टेबलावर आला होता. अर्ज चुलत्यांचा, नक्कल चुलत्यांना. ह्यांनी त्या वेळी विनवण्या केल्या, रुसले, सासूबाईंकरवी विचारून पाहिलं. मी नाही सांगितलं. अजून नाही सांगितलं. त्यातले सगळे गेले, जमीनही गेली, तिथे आता टॉवर आहे आणि त्याच्याखाली मोबाइलचं दुकान. तरी नाही.

"आता कळलं?" म्हणाले, आणि दुसरा चहा मागितला. केला नाही.

पण दुपारी स्वस्थ बसवेना म्हणून वही काढली. तिने दाखवलेली अक्षरं मी इकडे उतरवून घेतलेली, आणि कायद्याने माझी वही कुणी जप्त केलेली नाही. जर्मन मला येत नाही, त्यामुळे अक्षरं बिनकामाची. पण एके ठिकाणी आकडा होता. त्यांचा १ खालून लांब तिरकी रेघ घेऊन येतो, आपल्याला तो ७च वाटतो. त्यांच्या ७ला मधे आडवी रेघ असते, पण कापऱ्या हाताने ती राहून जाते. ते ठरवायला तिने तारीख पाहिली होती, त्यात अकरावा महिना, म्हणजे दोन १ आयते समोर. त्यावरून ठरलं १७. त्याच्यापुढे एक स्वल्पविराम आणि मग ५०.

तेव्हा मी त्याकडे लक्षच दिलं नव्हतं. त्या लोकांचा स्वल्पविराम म्हणजे आपलं दशांश चिन्ह. साडेसतरा. साडेसतरा युरो. वाटणीत असे आकडे नसतात, अंगठीच्या किमतीतही नसतात. माझ्या उभ्या आयुष्यात मी वाचलेल्या कागदांत असा फुटकळ आकडा एकाच ठिकाणी येतो. कुणाचं तरी देणं राहिलं असलं की.

संध्याकाळी फोन आला तसं विचारलं, "साडेसतरा कुणाचे द्यायचे राहिले होते गं त्यांचे?"

पलीकडे बराच वेळ काही नाही. मग खोखो हसणं. "आई, तू गप्प बस."

म्हणजे बरोबर. आता कुणाचे, ते शोधायचंय.