तुम्ही विचारलंत म्हणून: तो प्रॉम्प्ट

"ताई, तुमचा तो प्रॉम्प्ट पाठवा ना. आणि खरं सांगा, चॅटबॉटकडून एमपीएससीचा अभ्यास खरंच होतो का?"

प्रॉम्प्ट खाली दिला आहे. आजवर अभ्यासिकेतल्या कितीतरी जणांना तो पाठवला. दोन दिवसांनी बहुतेक जण एकच तक्रार घेऊन येतात, की हा काहीही सांगतो. प्रॉम्प्टखाली काय चिकटवलं होतं असं विचारलं की सगळे गप्प होतात. खरं काम त्या चिकटवलेल्या मजकुराने होतं, आणि हे मला फार उशिरा कळलं.

माझा पहिला प्रॉम्प्ट असा होता: "तू पंचवीस वर्षांचा अनुभव असलेला एमपीएससी मार्गदर्शक आहेस, पंचायत राजवर २० प्रश्न विचार." अनुभवी मार्गदर्शक म्हटलं की उत्तरं अचूक येतील, असं मला खरंच वाटायचं. त्या वाक्याने फक्त बोलण्याचा सूर बदलतो, माहिती तीच राहते. वीस प्रश्न एकदम यायचे आणि उत्तरंही खालीच असायची, त्यामुळे नजर तिकडे जायचीच. बरोबर पर्याय पुष्कळदा सगळ्यांत लांब असायचा. घणसोली ते ठाणे ही चार स्टेशनं होईपर्यंत माझे वीसपैकी अठरा आलेले असायचे. ते अठरा मी वहीत लिहून ठेवायचे. कोणी म्हणालं की ही पुस्तक सोडून मोबाइलला लागली, तर तोच आकडा दाखवायचे.

मग राजीनाम्याचा प्रश्न आला. पंचायत समितीचा सभापती राजीनामा कोणाकडे देतो? चॅटबॉटचं उत्तर होतं, जिल्हा परिषदेच्या अध्यक्षाकडे. मला ते चूक वाटलं. आदल्या रात्री मी "विभागीय आयुक्त" असं वाचलं होतं. ते जिल्हा परिषदेच्या अध्यक्षाबद्दल होतं, पण अध्यक्ष आणि सभापती यांची माझ्या डोक्यात सरमिसळ झाली होती. मी ठणकावून लिहिलं की तुझं चुकतंय, विभागीय आयुक्तच बरोबर. त्याने लगेच माफी मागितली, उत्तर बदललं आणि माझ्या चुकीच्या उत्तरासाठी तीन-चार ओळींचं कारणही दिलं. आयुक्त हे शासनाचे प्रतिनिधी, म्हणून राजीनामा त्यांच्याकडे, असं काहीतरी. वाचायला इतकं पटण्यासारखं होतं की मला शंकाच आली नाही. उलट, मशीनची चूक पकडली याचा आनंद झाला. त्या संभाषणाचा स्क्रीनशॉट काढून मी कळव्याच्या मैत्रिणीला पाठवला. आम्ही एकाच टेबलावर बसतो.

ती पुस्तकातून हाताने नोट्स काढते. तिच्या वहीत निळ्या पेनाने शिडीसारखी मांडणी होती: उपसरपंच सरपंचाकडे, सरपंच पंचायत समिती सभापतीकडे, सभापती जिल्हा परिषद अध्यक्षाकडे, अध्यक्ष विभागीय आयुक्तांकडे. प्रत्येक जण एक पायरी वर देतो. एकदा ही शिडी दिसली की पाठ करायला काही उरत नाही. माझा स्क्रीनशॉट बघून तिने तिसऱ्या पायरीवरचं "जि. प. अध्यक्ष" खोडलं आणि वर लाल पेनाने "विभागीय आयुक्त" लिहिलं.

पुढच्या रविवारच्या सराव पेपरात नेमका तो प्रश्न होता. आम्हा दोघींचंही चुकलं. माझं चुकलं त्याचं मला फार वाटलं नाही. तिने वही उघडून माझ्यासमोर धरली. निळ्या शाईतलं बरोबर उत्तर आणि त्यावरची दुहेरी रेघ. ती एवढंच म्हणाली, "मला येत होतं गं." त्यावर मला काहीच बोलता आलं नाही. एक प्रश्न चुकला तर त्याचा गुण जातोच, वर चौथा हिस्सा कापला जातो, हे आम्हा सगळ्यांना पाठ आहे. पण मला लागलं ते हे, की तिने पुस्तकातून मिळवलेलं माझ्या शब्दावर खोडलं.

तेव्हापासून मी हा प्रॉम्प्ट वापरते:

```
खाली उतारा देते आहे. फक्त त्यातूनच प्रश्न विचार.
एका वेळी एकच प्रश्न, चार पर्याय, सगळे साधारण सारख्याच लांबीचे.
उत्तर सांगू नको. मी आधी पर्याय, खात्री (१०० पैकी) आणि कारण लिहीन.
मग उताऱ्यातलं वाक्य जसंच्या तसं देऊन तपास.
मी वाद घातला तरी उताऱ्यात आधार नसेल तर उत्तर बदलू नको.
```

उतारा म्हणजे पुस्तकातली दीड-दोन पानं, अख्खं प्रकरण टाकत नाही. पानाचा फोटो टाकला तर आधी तो मजकूर लिहून दाखवायला सांगते आणि साल नि कलमांचे आकडे पुस्तकाशी ताडून बघते, कारण मराठी जोडाक्षरं आणि आकडे वाचताना चुका होतात. त्याने दिलेलं "जसंच्या तसं" वाक्यही मी पानावर बोट ठेवून शोधते. कधीकधी ते वाक्य पानावर नसतंच, मग तो प्रश्न बाद. पंधराएक प्रश्नांनंतर नियम विसरल्याची लक्षणं दिसतात, प्रश्नासोबतच उत्तर यायला लागतं. तेव्हा नवीन संभाषण उघडून प्रॉम्प्ट पुन्हा टाकते.

शेवटची ओळ सगळ्यांत महत्त्वाची आणि सगळ्यांत कच्ची. माणसांना आवडलेल्या उत्तरांवरून ही साधनं घडवली जातात, त्यामुळे समोरच्याच्या होला हो करायची ओढ त्यांच्यात असते. एका ओळीने ती जात नाही. म्हणून दर बैठकीत एकदा मी मुद्दाम बरोबर उत्तराला चूक म्हणते. त्याने पान दाखवलं तर पुढे जाते. माफी मागितली तर त्या दिवशी बंद करते.

खात्रीचा आकडा कशाला, असं हमखास विचारतात. चाळीस खात्री लिहून चुकलं तर तो अंदाज होता. नव्वद लिहून चुकलं तर दोन गोष्टींची सरमिसळ झाली आहे, माझी अध्यक्ष-सभापतींची झाली होती तशी. फक्त असे नव्वदवाले मी वेगळ्या पानावर उतरवते. आठवड्याने तीच जोडी घेऊन चॅटबॉटला सांगते, मी फरक समजावते, तू उताऱ्याशी ताडून माझी चूक काढ. समजावून द्यायला मी त्याला सांगत नाही. त्याचं समजावणं वाचताना मला सगळं कळल्यासारखं वाटतं आणि वही बंद केली की दोन वाक्यं सुचत नाहीत.

आता वीसपैकी अठरा येत नाहीत. बारा-तेरा येतात.

होतो का अभ्यास? मी अजून पास झालेले नाही, त्यामुळे छातीठोकपणे काही सांगायचा मला हक्क नाही. पुस्तकातून पान निवडायचं, आकडे ताडायचे, वाक्य शोधायचं, एवढं केल्यावर अर्धा अभ्यास चॅटबॉट उघडायच्या आधीच होतो, असं मैत्रीण म्हणते. मग उरलेल्या अर्ध्यासाठी तो कशाला, हा तिचा प्रश्न. रात्री साडेदहाला ऑफिसातून येऊन जेवल्यावर मला प्रश्न विचारायला घरात कोणी जागं नसतं, हे माझं उत्तर. तिला ते पटत नाही. काही दिवस मलाही पटत नाही.

ती अजून त्याच टेबलावर बसते. लाल शाईवर तिने व्हाइटनर लावून पुन्हा निळ्याने "जि. प. अध्यक्ष" लिहिलंय. मी काही सांगितलं की ती आधी पान नंबर विचारते.