‘द्या’ कुठे बसवायचं?

“कवितेत शब्द उलटेपालटे का करतात? यमक जुळवायलाच ना?”

यमकासाठी करतात, हे खरंच आहे. पण हिशेब तिथे संपत नाही, आणि तो कुठे संपतो हे एखादी ओळ उसवून पाहिल्याशिवाय कळत नाही. सदाशिव पेठेत कवितेचे वर्ग घेते तेव्हा मी त्यासाठी नेहमी केशवसुतांची १८९३ सालची ‘तुतारी’ घेते, कारण ती बहुतेकांना पाठ असते आणि म्हणूनच कुणी तिच्याकडे नीट बघत नाही.

‘एक तुतारी द्या मज आणुनि’. गद्यात आपण ‘मला एक तुतारी आणून द्या’ म्हणू. क्रियापद शेवटी, मराठीच्या रीतीप्रमाणे. आता मात्रा मोजा. लघूची एक, गुरूची दोन. ओळ भरते सोळा मात्रांची, आठ-आठच्या दोन तुकड्यांत. मग ‘द्या’ शेवटी नेऊन बघा: ‘एक तुतारी मज आणुनि द्या’. पुन्हा सोळा! तुकडेही तसेच स्वच्छ पडतात. म्हणजे वृत्ताने कवीवर काहीच सक्ती केलेली नाही.

यमकाने केली आहे. कडव्याची पाचवी ओळ ‘अशी तुतारी द्या मजलागुनि’, तिच्याशी जुळायला पहिल्या ओळीच्या टोकाला ‘आणुनि’ हवं. इथवर प्रश्न विचारणाऱ्याचं बरोबर. पण त्या सोयीतून काय हाती लागलं ते पाहा. ओळ मोठ्याने म्हणा: आठ मात्रा संपल्या की पुढच्या ठोक्यावर ‘द्या’ आदळतो. पाचव्या ओळीतही ‘द्या’ नेमका त्याच ठोक्यावर येतो. मागणी दोनदा, एकाच जागी. शेवटी गेलेला ‘द्या’ विनंती करतो; इथला टेबलावर हात आपटतो.

आणि ही रचना परकी नाही. मंडईत तासभर उभे राहा. ‘द्या हो अर्धा किलो’, ‘दे बाई सुट्टे आणून’ असंच ऐकू येईल. घाई, हट्ट, राग आला की आपलं क्रियापद पुढे उडी मारतं. अशी उलटापालट कवितेला बोलण्याच्या जवळ नेते. क्रियापद शेवटी ठेवायची शिस्त अर्ज-निवेदनांची.

दुसरी ओळ मात्र वेगळी जात दाखवते: ‘फुंकिन मी जी स्वप्राणाने’. असं मंडईतच काय, कुठेच कुणी बोलत नाही. ‘जी मी फुंकिन स्वप्राणाने’ लिहिलं असतं तरी सोळाच मात्रा झाल्या असत्या आणि यमकही जागेवर राहिलं असतं. म्हणजे इथे वृत्ताची सक्ती नाही, यमकाचीही नाही. तरी ‘जी’ मागे का? कारण ‘फुंकिन मी’ एवढं ऐकल्यावर वाटतं, नवं वाक्य सुरू झालं. माणूस मागता मागता फुंकायलाही लागला! मग ‘जी’ येतो आणि त्या फुंकरीला मागच्या तुतारीशी बांधतो. व्याकरण कृतीच्या मागून धावत येतं. तुतारी अजून हातात नाही, तरी ओळ वाजते आहे. वर्गात हे दोन्ही पाठ सलग म्हणून घेतले की फरक आपोआप कानाला लागतो, मला समजावावं लागत नाही.

नवे लोक मात्र याचा मसाला करतात. ‘आठवते मज ती सांज, दाटले होते मेघ, बोललीस तू काही’: प्रत्येक ओळीच्या तोंडी क्रियापद, त्यामुळे जोर कशावरच नाही. अशा वेळी मी ओळ गद्याच्या क्रमात लिहायला लावते. काहीच हरवलं नाही, तर उलटापालट नुसती नटवण्यासाठी होती. ‘मज’ आणि ‘सांज’ तर बहुतेक वेळा तिथेच गळून पडतात. (पडू द्यावेत.)

एक खड्डा अनुभवी लोकांच्याही पायाखाली येतो. मराठीत प्रत्यय आणि क्रियापदाचं रूप कर्ता ओळखू देतात, म्हणून शब्द इतके मोकळे हलतात. ‘झाड हलवतो वारा’ यात घोटाळा नाही, कारण ‘हलवतो’ पुल्लिंगी आहे आणि झाड नपुंसकलिंगी. पण ‘डोंगर झाकतो ढग’? दोन्ही पुल्लिंगी, दोन्हींना प्रत्यय नाही. कोण कुणाला झाकतंय? कवीला हाच संभ्रम हवा असेल तर उत्तमच, डोंगरानेही ढग झाकावा. नको असेल तर काळ बदलून पाहावा: ‘डोंगर झाकला ढगाने’. एका ‘ने’ने कर्ता पक्का होतो, मग ‘ढगाने झाकला डोंगर’ म्हणा की ‘झाकला ढगाने डोंगर’, अर्थ हलत नाही. पहिल्या पाठात डोळ्यासमोर आधी ढग येतो, दुसऱ्यात झाकलं जाणं.