432 च्या जोड्या आणि 1849 चे वर्गमूळ

सराव परीक्षेचे पेपर वाटून झाले होते. दहावीच्या जादा तासाला मी वर्गसमीकरणांची उजळणी घ्यायला उभी राहिले, तेव्हा वर्गात सरळ दोन तट होते. एक तट मधल्या पदाची फोड करणाऱ्यांचा. दुसऱ्याचे म्हणणे असे, की सूत्र पाठ आहे ना, मग जोड्या शोधत कशाला बसायचे? "बाई, सूत्राने उत्तर येतंच," हे त्यांचे ठरलेले वाक्य. ते खरेही आहे. पण बोर्डाच्या परीक्षेत कॅल्क्युलेटर चालत नाही आणि पेपर दोन तासांचा असतो, म्हणून उत्तर किती वेळात येते हेही पाहावे लागते.

मी फळ्याच्या मधोमध रेघ ओढली आणि दोन्ही बाजूंना एकच समीकरण लिहिले:

12x² + 11x − 36 = 0

डावीकडे फोड करणारा मुलगा आला, उजवीकडे सूत्रवाली मुलगी.

मुलाने 12 × 36 = 432 केले. शेवटच्या पदाचे चिन्ह ऋण, म्हणजे दोन संख्यांचा गुणाकार −432 आणि बेरीज 11 हवी. चिन्हे बाजूला ठेवली तर 432 च्या अशा दोन अवयवांची जोडी हवी ज्यांच्यात 11 चा फरक आहे. तो लिहीत सुटला: 1 आणि 432, 2 आणि 216, 3 आणि 144, 4 आणि 108. मग 5 ने भाग जातो का ते पाहिले, 6 आणि 72 लिहिले, 7 ने भागून पाहिले.

तिकडे मुलीने विवेचक काढायला घेतला. 11 चा वर्ग 121. पुढे −4 × 12 × (−36). ही जागा फसवी आहे. निम्मा वर्ग इथे वजाचे वजाच ठेवतो, 121 − 1728 करतो, −1607 आणतो आणि "मुळे वास्तव नाहीत" लिहून मोकळा होतो. ही चूक ओळखायला एक नजर पुरते. a आणि c यांची चिन्हे विरुद्ध असतील तर −4ac नेहमी धनच येते, त्यामुळे विवेचक ऋण येऊच शकत नाही. ती फसली नाही. 121 + 1728 = 1849 लिहिले आणि तिथे थांबली. 1849 चे वर्गमूळ काय?

दोघेही अडकले, एक जोड्यांमध्ये आणि एक वर्गमुळात. वर्ग ओरडून मदत करत होता, मी कोणालाच काही सांगत नव्हते.

मुलगी आधी सुटली. 40 चा वर्ग 1600, 45 चा 2025. संख्या या दोघांच्या मध्ये आहे आणि शेवटी 9 आहे. शेवटी 9 येणारा वर्ग 3 किंवा 7 ने संपणाऱ्या संख्येचाच असतो. 40 ते 45 मध्ये तशी एकच संख्या, 43. पडताळा घेतला, 1849 बरोबर. मग x = (−11 ± 43)/24, म्हणजे 32/24 आणि −54/24, संक्षेप करून 4/3 आणि −9/4.

तेवढ्यात मुलगाही 16 आणि 27 पर्यंत पोहोचला. 12x² + 27x − 16x − 36. पहिल्या दोन पदांतून 3x सामाईक काढला, 3x(4x + 9). पुढच्या दोनांतून −4 काढला, −4(4x + 9). इथेही खूप जण कंसात 4x − 9 लिहितात, पण दोन कंस सारखे आले नाहीत की चिन्ह चुकले हे जागच्या जागी कळते. (4x + 9)(3x − 4) = 0, उत्तरे तीच. वेळ जवळपास सारखाच लागला होता.

मी निकाल जाहीर करणार, तोच मधल्या रांगेतली एक मुलगी उभी राहिली. ती एरवी फारशी बोलत नाही. म्हणाली, "बाई, याच्या 27 आणि 16 ची बेरीज 43 येतेय. आणि तिचं वर्गमूळपण 43 आहे. असं नेहमी होतं का?"

इतकी वर्षे हा धडा शिकवते आहे, पण हा प्रश्न विद्यार्थ्याच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकला. आनंदाने मला क्षणभर काही सुचले नाही. मग तिलाच फळ्याजवळ बोलावले आणि खडू तिच्या हातात दिला.

फोडीच्या दोन संख्यांना p आणि q म्हणू. आपली अट काय? p + q = b आणि pq = ac. नववीपासून पाठ असलेले सूत्र आठव, (p − q)² = (p + q)² − 4pq. आता यात किमती घाल. तिने हळूहळू लिहिले: (p − q)² = b² − 4ac. वर्गातून "अरे, हा तर विवेचक!" असा आवाज आला. आपल्या उदाहरणात p = 27 आणि q = −16, त्यांचा फरक 27 − (−16) = 43, आणि 43 चा वर्ग 1849. चिन्हामुळे फरक बेरजेसारखा दिसला, एवढेच.

म्हणजे डावीकडचा मुलगा आणि उजवीकडची मुलगी दोन वेगळ्या गोष्टी शोधत नव्हते. पूर्णांकांत फोड होत असेल तर विवेचक पूर्ण वर्ग असतोच. उलटही खरे आहे. a, b, c पूर्णांक असले आणि विवेचक Δ पूर्ण वर्ग आला, की फोड होतेच, आणि त्या दोन संख्या (b + √Δ)/2 आणि (b − √Δ)/2 असतात. इथे (11 + 43)/2 = 27 आणि (11 − 43)/2 = −16. प्रश्नात "अवयव पद्धतीने सोडवा" असे स्पष्ट म्हटलेले असते आणि जोडी काही केल्या सापडत नसते, तेव्हा कच्च्या कामात हे करावे. बाकी वेळी त्याचा उपयोग नाही, कारण वर्गमूळ हाताशी आले की मुळे आलीच.

मग खरी मेख राहिली. जोड्या लवकर कशा शोधायच्या, आणि जोडी नाहीच हे लवकर कसे कळणार? अवयव पद्धतीत वेळ जातो तो नसलेली जोडी शोधण्यात.

मी 432 चे मूळ अवयव पाडायला लावले: 2 × 2 × 2 × 2 × 3 × 3 × 3. मुलांना विचारले, यातले 2 दोन्ही संख्यांत वाटले तर? दोन्ही संख्या सम होतील. मग त्यांची बेरीज किंवा फरक 11 कसा येईल, 11 तर विषम आहे. म्हणून चारही 2 एकाच संख्येत गेले पाहिजेत. 3 चेही तसेच. दोन्हींत 3 गेला तर फरकाला 3 ने भाग जाईल, आणि 11 ला जात नाही. म्हणून तिन्ही 3 एकत्र. 16 चा एक गठ्ठा, 27 चा एक गठ्ठा. आता शक्यता दोनच उरतात. एक तर 16 आणि 27, नाहीतर सगळे एकाच बाजूला, म्हणजे 1 आणि 432. दहा जोड्यांची यादी करण्याची गरजच नव्हती. डावीकडचा मुलगा आपल्या यादीकडे बघत म्हणाला, "बाई, हे आधी सांगायचं ना!"

लगेच मी 11 पुसून तिथे 13 केले: 12x² + 13x − 36 = 0. 13 लाही 2 किंवा 3 ने भाग जात नाही, म्हणून शक्यता त्याच दोन. फरक 11 आणि 431. 13 नाहीच. एवढ्यावर शोध संपला, आता सूत्र. विवेचक 169 + 1728 = 1897. त्याच्या शेवटी 7 आहे, आणि 2, 3, 7 किंवा 8 ने संपणारी संख्या पूर्ण वर्ग नसते. दोन्ही बाजूंनी एकच निदान. उत्तर (−13 ± √1897)/24 असेच ठेवायचे.

आता उलटी बाजू. मधल्या सहगुणकाला त्या मूळ संख्येने भाग जात असेल तर? मी 3x² − 10x − 5 = 0 दिले. गुणाकार −15. त्यात 5 आहे, म्हणजे दोन संख्यांपैकी एकीला 5 ने भाग जातो. बेरीज −10, तिलाही 5 ने भाग जातो. मग दुसरीलाही गेलाच पाहिजे. पण दोघींत 5 असेल तर गुणाकारात 25 हवा, आणि 15 मध्ये 5 एकदाच आहे. म्हणजे फोड अशक्य, एकही जोडी न लिहिता कळले. अशा वेळी सूत्र क्षणाचाही विचार न करता घ्यावे. x = (10 ± √160)/6, 160 म्हणजे 16 × 10, म्हणून √160 = 4√10, आणि 2 ने संक्षेप करून (5 ± 2√10)/3. मुले नेमकी इथे घाई करतात, 10 ला 2 ने भागतात आणि 4√10 तसेच सोडतात. भागायचे तर दोन्ही पदांना.

सूत्राच्या तटातली मुले यावर खूश झाली. माझे स्वतःचे मत विचाराल तर ac मध्ये एक-दोनच वेगळ्या मूळ संख्या असतील तर मी आधी फोडीकडे जाते, कारण शक्यता इतक्या थोड्या असतात की हो की नाही ते ओळीभरात कळते. a, b, c दशांशात असतील आणि दशांश घालवूनही संख्या अवजड राहत असतील, तर सूत्र बरे. शाब्दिक उदाहरणात माणसांची किंवा झाडांची संख्या काढायची आहे आणि फोड होत नाही, तर मात्र सूत्राकडे धावण्याआधी समीकरण परत मांडून पाहावे. तिथे मूळ परिमेय नसणे याचा अर्थ बहुतेक वेळा मांडणी चुकली असाच असतो.

घंटेला थोडा वेळ होता. मुलांचा ठाम समज असतो की समीकरणात करणी दिसली की सूत्रच. म्हणून शेवटचे उदाहरण √2x² + 7x + 5√2 = 0 घेतले. उजव्या तटातल्या सगळ्यांनी सूत्र सुरू केले. विवेचक 49 − 40 = 9, छान. पण पुढे (−7 ± 3)/(2√2) आले, आणि छेदाचे परिमेयीकरण करता करता वह्या खोडाखोडीने भरल्या. इकडे √2 × 5√2 = 10 आणि बेरीज 7, म्हणजे 2 आणि 5. √2x² + 2x + 5x + 5√2. यात 2 म्हणजे √2 × √2 हे दिसले की झाले: √2x(x + √2) + 5(x + √2) = 0. मुळे −√2 आणि −5/√2.

मधल्या रांगेतल्या त्या मुलीने हात वर केला. "बाई, 5 वजा 2 तीन. आणि 9 चं वर्गमूळ तीन." मी म्हटले, आता करणी नसलेली दहा समीकरणे घरून अशी तयार करून आण, ज्यांतली निम्मी फोडता येतील आणि निम्मी नाही, आणि कुठली कोणती ते सूत्र न वापरता सांग. दुसऱ्या दिवशी तिने बारा आणली, वही शेजारच्या बाकावर दिली आणि म्हणाली, "आधी मूळ अवयव पाड."