238 घरांचा आठवडा : कॉलेज सांभाळून वेळापत्रक बसवताना

मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि सोबत एमपीएससीच्या गट-क संयुक्त पूर्व परीक्षेची तयारी करते. घर नागपुरात वासुदेव नगरकडे, कॉलेज सीताबर्डीच्या बाजूला. मागच्या उन्हाळ्यापासून मी चार वेळापत्रकं केली. पहिली तीन आठवडाभरसुद्धा टिकली नाहीत. चौथं अजून चालू आहे, त्याचीच ही हकीकत.

पहिलं वेळापत्रक ड्रॉइंग शीटवर होतं. स्केचपेनचे सहा रंग, सकाळी 5 ला राज्यघटना, 7 ला इतिहास, रात्री 11 पर्यंत अर्थशास्त्र. दिवसाला आठ तास. आई चहा ठेवता ठेवता म्हणाली, "अभ्यास करून राहिली का रांगोळी काढून राहिली?" मला राग आला होता, पण मंगळवारी प्रॅक्टिकल आटपून सव्वासहाला घरी पोचले तेव्हा शीटवरची तीन घरं वाया गेली होती. बुधवारी ती तीन अधिक नवी पाच. गुरुवारी मी शीटकडे बघणं सोडलं.

मार्ग दाखवला मावसभावाने. दादा मिहानमध्ये एका गोदामात आहे, तिथल्या माणसांचा ड्युटी चार्ट तोच लावतो. माझा कागद बघून त्याने एकच विचारलं, "कॉलेज कुठंय याच्यात?" कॉलेज मी लिहिलंच नव्हतं. ते तर असतंच, असं धरून चालले होते. तो म्हणाला, "मी आधी सुट्ट्या लिहितो. कोण नाही ते कळल्यावर कोणाला कुठं टाकायचं ते ठरते. तू पहिले ड्युटी वाटून राहिली अन् माणसं नंतर मोजून राहिली."

मग आठवडाभर मी नवं काही ठरवलंच नाही. जे झालं तेवढंच लिहिलं. गुगल शीटमध्ये सकाळी 6 ते रात्री 11 असे अर्ध्या अर्ध्या तासाचे 34 आडवे रकाने, सोमवार ते रविवार सात उभे. 34 गुणिले 7, म्हणजे 238 घरं. प्रत्येक घरात एकच अक्षर टाकायचं: क म्हणजे कॉलेज, प प्रवास, घ घरकाम-आंघोळ-जेवण, ट ट्यूशन (शेजारच्या दोन मुलांना आठवड्यात पाच दिवस तासभर शिकवते), ग गणित-बुद्धिमत्ता, र राज्यघटना, भ भूगोल, असं. कोणत्या अक्षराला किती तास गेले ते खाली या सूत्राने निघतं:

```
=COUNTIF(B2:H35,"ग")/2
```

इथे मी दोनदा फसले. पहिल्यांदा शीट देखणी दिसावी म्हणून कॉलेजची घरं जोडून एक मोठं घर केलं होतं. जोडलेलं घर सूत्र एकच मोजतं, म्हणून आठवड्याचं कॉलेज निघालं 3 तास! सहा दिवसांचे सहा मोठे चौकोन, भागिले दोन. ते सगळे परत सुटे केले. दुसरा घोळ जास्त चिवट होता. गणिताचे तास डोळ्याला दिसत होते त्यापेक्षा कमी येत होते. तासभर शोधल्यावर कळलं, फोनवर भरताना कीबोर्ड अक्षरामागे स्पेस टाकतो, आणि "ग" वेगळं, "ग" अधिक स्पेस वेगळं. शेवटी दादाच्या लॅपटॉपवर Insert मधून Dropdown लावला आणि अक्षरं त्यातूनच निवडायला लागले. घोळ संपला.

आता हिशेब. सोमवार, बुधवार, शुक्रवार कॉलेज साडेदहा ते चार, म्हणजे 11 घरं. मंगळवार-गुरुवार प्रॅक्टिकल धरून साडेपाचपर्यंत, 14 घरं. शनिवारी दीडपर्यंत, 6 घरं. कॉलेजची बेरीज 67. मेट्रो आणि दोन्हीकडची पायपीट धरून एका बाजूला पाऊण तास लागतो. अर्ध्या तासाच्या घरात पाऊण तास मावत नाही, म्हणून पुरती दोन घरं धरली. सहा दिवसांची जाऊन-येऊन 24. घरचं रोज 6, म्हणजे 42. ट्यूशनची 10. एकूण 143. उरली 95, म्हणजे साडेसत्तेचाळीस तास.

हा आकडा बघून मी खूश झाले. दादाने विचारलं, "त्यातली भरली किती?" मोजली. 44. बावीस तास. अर्ध्याहून जास्त घरं कोरी.

कोरी घरं कुठे आहेत ते बघत बसले आणि त्यातच मला सगळ्यात जास्त कळलं. एक पट्टा कॉलेजहून आल्यानंतरचा. पाच ते सहा मी आठवड्यात एकदाही पुस्तक उघडलं नव्हतं. त्या वेळी मी पंख्याखाली आडवी असते, आणि नागपूरच्या उन्हाळ्यात तर त्याबद्दल मला अपराधीही वाटत नाही. दुसरी गंमत म्हणजे एकटी घरं. आंघोळ आणि निघणं यांच्यामध्ये 9 ते साडेनऊ असं एक सुटं घर रोज सापडतं. त्यात मी गणिताचा संच लावला होता. वही काढून, दोन उदाहरणं सोडवून होईस्तोवर निघायची वेळ. म्हणून ते घर मोजणीत रिकामं दिसत होतं, पण गणितासाठी ते रिकामं नव्हतंच.

तेव्हापासून मी घरं दोन प्रकारची धरते, सुटी आणि जोड. सुट्या घरात फक्त चालू घडामोडी किंवा कालच्या टिपणावर नजर. जोड घरात, म्हणजे सलग तीन घरं असतील तिथे, गणित किंवा नवा विषय. विषय कुठला हे दुय्यम. त्याला सलग किती वेळ लागतो हे आधी.

चौथं वेळापत्रक त्यावरून बसलं. सकाळी 6 ते साडेसात गणित-बुद्धिमत्ता, सहा दिवस, 18 घरं. रात्री साडेआठ ते दहा सामान्य ज्ञानातला एक विषय, पाच दिवस, 15 घरं. नऊचं सुटं घर सहा दिवस, 6. रविवारी सकाळी 9 ते 10 सराव पेपर आणि 10 ते साडेअकरा त्याची तपासणी, 5. रविवार संध्याकाळी उजळणी, 4. बेरीज 48. मी आधीपासून 44 करतच होते, म्हणजे वाढवली फक्त चार. मैत्रीण म्हणाली, "एवढंच?" तिच्या वेळापत्रकात 80 होती. ती भरली किती, ते मी विचारलं नाही.

शनिवारी 3 ते 5 ही चार घरं मुद्दाम कोरी ठेवली आहेत, त्यांचं नाव भरपाई. आठवड्यात जे हुकलं ते तिथे जातं. तिथेही मावलं नाही तर सोडून द्यायचं, पुढच्या सोमवारवर ढकलायचं नाही. पहिल्या तीन वेळापत्रकांचा जीव याच ढकलण्यात गेला होता. खरं सांगायचं तर या चार घरांतला निम्मा वेळ प्रॅक्टिकलचं जर्नल लिहिण्यात जातो, पण मग तो गणिताच्या वाट्यातून तरी जात नाही.

मंगळवार-गुरुवार रात्रीचा प्रश्न उरला होता. प्रॅक्टिकल, मग ट्यूशन, मग जेवण, आणि पुस्तक उघडलं की तिसऱ्या पानावर डुलकी. त्या दोन रात्री वाचन काढून टाकलं आणि आधीच्या वर्षांचे प्रश्न ठेवले. हातात पेन असला की झोप येत नाही, निदान मला.

सराव पेपर तासाभराचाच, कारण पूर्व परीक्षेत 100 प्रश्नांना 60 मिनिटं असतात. पण माझ्या लेखी खरा वेळ तपासणीचा, म्हणून तिला पेपरपेक्षा एक घर जास्त दिलं. एका रविवारचं सांगते. 82 सोडवले, 51 बरोबर, 31 चूक. चुकीमागे पाव गुण जातो, म्हणजे 31 चे पावणेआठ. 51 मधून वजा केले की हाती 43.25. त्या 31 चुकांमधल्या 11 राज्यघटनेच्या होत्या, जिला मी सर्वात जास्त रात्री देत होते. वाचत होते, प्रश्न सोडवत नव्हते. न सोडवलेले 18 होते, त्यात बहुतेक गणिताचे, कारण गणित मी शेवटी ठेवलं होतं आणि वेळ संपला.

त्या एका पेपरवरून पुढच्या आठवड्याची घरं बदलली. राज्यघटनेच्या रात्री दोन घरं वाचन, तिसऱ्यात त्याच प्रकरणाचे प्रश्न. सकाळच्या तीन घरांतलं शेवटचं घर घड्याळ लावून, 20 मिनिटांत 20 प्रश्न, उरलेल्या दहांत चुका बघायच्या. तास तेवढेच राहिले, आतलं काम बदललं.

शीटमध्ये आता दोन पानं आहेत, एकात ठरलेलं आणि एकात झालेलं. झालेलं रात्री झोपताना भरते, दोन मिनिटं लागतात. सलग तीन आठवडे एकच घर कोरं राहिलं तर ते घर हलवायचं, असा नियम केला. रविवार संध्याकाळच्या उजळणीचं तेच झालं. कधी पाहुणे, कधी बाजार, कधी आत्याकडे जेवण. चौथ्या आठवड्यात ती चार घरं उचलून रविवारी सकाळी 6 ते 8 मध्ये टाकली. तेव्हा पाहुणे येत नाहीत.

सेमिस्टर परीक्षा आली तेव्हा हे सगळं मोडणार हे दिसतच होतं. म्हणून तिसरं पान केलं. त्या तीन आठवड्यांसाठी सकाळची दोन घरं गणित आणि नऊचं सुटं घर तेवढं एमपीएससीला, बाकी सगळं कॉलेजच्या विषयांना. रविवारचा पेपरही बंद. गणित मात्र सोडलं नाही, कारण दिवाळीत आठ दिवस सोडलं होतं तर शेकडेवारीची उदाहरणं पुन्हा कागदावर मांडून करावी लागत होती, तोंडी जमेनात.

काल आईने फोनवर शीट पाहिली. पाच ते सहाचा कोरा पट्टा तिला खुपला. "इथं काही नाही का?" मी म्हटलं, ते पंख्याचं घर आहे. तिने काही न बोलता फोन परत दिला आणि आज पाच वाजता त्याच घरात मला दळण आणायला पाठवलं.