आधी ‘नाही’, मग बाकीचं

बुधवार, रात्र

आज दुपारी एका उत्तरावर माझा आणि माझ्या सहकारी मुलीचा बराच वेळ गेला. प्रशिक्षणासाठी अर्ज केलेल्या एका मुलीने विचारलं होतं, की शिफारसपत्र देणारे सर बाहेरगावी आहेत, ते पत्र आठवडाभर उशिरा आलं तर चालेल का? अर्जाची मुदत १५ तारखेला संपते. आज १२. उत्तर ‘नाही’ असंच होतं, त्यावर आमचं दोघींचंही दुमत नव्हतं. सहकारी मुलीने केलेला मसुदा असा होता:

‘आपण या प्रशिक्षणात दाखवलेल्या रसाबद्दल मनःपूर्वक आभार. यंदा मोठ्या संख्येने अर्ज आले असून सर्वांना समान संधी मिळावी यासाठी आम्ही प्रयत्नशील आहोत. आपली अडचण आम्ही समजू शकतो. तथापि, नियमांचा विचार करता मुदतीनंतर आलेली शिफारसपत्रे विचारात घेणे सध्या तरी शक्य होईल असे वाटत नाही.’

तिचा हेतू चांगला होता, एकदम तोडून टाकल्यासारखं वाटू नये एवढाच. पण मोबाइलवर मेल आल्याची सूचना दिसते तेव्हा फक्त पहिले काही शब्द दिसतात. इथे ते शब्द आभाराचे आहेत, म्हणजे वाचणारीची आशा आधी वाढणार. शेवटी जे हाती लागतं तेही पक्कं नाही. ‘सध्या तरी’ म्हटलं की पुढे शक्य होईल असा अर्थ निघतो, आणि ‘वाटत नाही’ म्हटलं की कुणीतरी अजून ठरवायचं बाकी आहे असा. ती मुलगी पुन्हा विचारणार, ‘म्हणजे नक्की काय?’ असा उलटा प्रश्न आला, की उत्तरात उत्तर नव्हतं हे ओळखावं. तोवर तिचे तीन दिवसांतले दोन गेलेले असणार. मला खुपलं ते हे. त्या तीन दिवसांत ती दुसऱ्या शिक्षकांकडून पत्र आणू शकते.

शेवटी पाठवलं ते असं:

‘शिफारसपत्रासाठी मुदत वाढवून देता येणार नाही. १५ तारखेनंतर आलेला कागद छाननी समितीकडे जात नाही. मात्र १५ तारखेपर्यंत तुम्हाला शिकवलेल्या दुसऱ्या कोणत्याही शिक्षकांचं पत्र आलं तर चालेल. अर्जाचा बाकीचा भाग पूर्ण आहे, तो पुन्हा भरू नका.’

कारण एकच ठेवलं. चार कारणं दिली की वाचणारा त्यातलं सगळ्यात लेचंपेचं निवडून त्यावर वाद घालतो, आणि खरं कारण बाजूलाच राहतं.

आपल्या भाषेत आणखी एक अडचण आहे. क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं आणि नकारही त्याच्याबरोबर शेवटी जातो. त्यामुळे नकार पहिल्याच वाक्यात घातला तरी ते वाक्य तीन ओळींचं झालं तर तो तिसऱ्या ओळीच्या टोकाला लपतो. म्हणून पहिलं वाक्य आखूड हवं. कारण त्यात न कोंबता पुढच्या वाक्यात द्यावं. तसंच ‘शनिवारी बंद नसतं ना?’ याला नुसतं ‘नाही’ लिहू नये, कारण त्यातून उघडं की बंद ते कळतच नाही. ‘शनिवारी बंद असतं’ असं पूर्ण लिहावं.

पत्रलेखनाच्या पुस्तकांत वर्षानुवर्षं उलटंच शिकवलं गेलं: आधी गोड प्रस्तावना, मग कारणं, मग नकार. व्यावसायिक पत्रव्यवहाराच्या अभ्यासक किटी लॉकर यांनी १९९९मध्ये हे तपासून पाहिलं. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना कर्ज नाकारणारी आणि प्रवेश नाकारणारी नमुना पत्रं वाचायला दिली. प्रस्तावनेमुळे त्यांच्या प्रतिक्रियेत लक्षणीय फरक पडला नाही.

समोरासमोर बोलताना मात्र मी हाच क्रम धरणार नाही. गंभीर आजाराची बातमी सांगण्यासाठी डॉक्टरांना शिकवतात त्या पद्धतीत रुग्णाला काय माहीत आहे ते आधी विचारतात, ‘बातमी चांगली नाही’ अशी सूचना देतात, आणि मग सांगतात. तिथे चेहरा दिसतो, थांबता येतं. पत्राला थांबता येत नाही.

एक उत्तर उद्यासाठी ठेवलंय. एकाने एकाच मेलमध्ये तीन गोष्टी विचारल्या आहेत: तारीख बदलेल का, शुल्क दोन हप्त्यांत भरता येईल का, आणि प्रमाणपत्रावरचं नाव दुरुस्त होईल का. दोन गोष्टी होतील, तारीख बदलणार नाही. होणाऱ्या गोष्टी आधी लिहायचा मोह होतोय. पण तो तारखेवरच अडून बसलाय, ती जमली नाही तर हप्ते आणि नाव त्याच्या काहीच कामाचे नाहीत. तेव्हा तारखेचं पहिल्या वाक्यात, आणि बाकीच्या दोन्हींना खाली स्वतंत्र ओळ.