फोर्टातल्या जुन्या पेढीचे मालक कोण? एक ई-मेल आणि डिरेक्टऱ्यांची वारी

भारतात भागीदारी पेढ्यांच्या नोंदणीची सोय 1932 च्या कायद्याने आली, आणि तीही ऐच्छिक. त्यामुळे एकोणिसाव्या शतकातल्या एखाद्या पेढीचे मालक शोधायला कुणी ‘रजिस्ट्रारकडे जा’ म्हणालं, तर तिकडे जाऊन हाती काही लागायचं नाही. त्या काळासाठी खरा आधार म्हणजे दरवर्षी छापल्या जाणाऱ्या व्यापारी डिरेक्टऱ्या. माझ्या पीएच.डी.च्या विषयात हॉर्नबी रोडवरची, म्हणजे आजच्या दादाभाई नौरोजी रोडवरची, छपाईयंत्रं आणि शाई विकणारी एक पेढी आहे. तिच्या 1921 च्या लेटरहेडवर ‘स्थापना 1872’ असं छापलंय आणि नावात दोन आडनावं आहेत. ती दोन माणसं 1872 मध्ये होती का, एवढाच प्रश्न होता. (प्रबंध पुरा होईपर्यंत पेढीचं नाव इथे देत नाही.)

सुरुवात ई-मेलपासून करते, कारण अर्धं काम तिथेच होतं किंवा बिघडतं. फोर्टात व्यापाऱ्यांच्या एका संघटनेचं छोटं ग्रंथालय आहे. तिथल्या ग्रंथपाल मॅडमना मी हे लिहिलं:

विषय: 1921 पासून मागच्या डिरेक्टऱ्या, मुंबई विभाग

मा. ग्रंथपाल,
सप्रेम नमस्कार.
मी मुंबईत इतिहास विषयात पीएच.डी. करते आहे. फोर्टातल्या एका पेढीचे सुरुवातीचे मालक मला शोधायचे आहेत. पेढीचं नाव, ते ज्या ज्या स्पेलिंगने छापलेलं सापडलं ती स्पेलिंगं आणि 1921 चा पत्ता सोबतच्या पानावर दिला आहे.
आपल्याकडे ‘थॅकर्स इंडियन डिरेक्टरी’ आणि टाइम्स ऑफ इंडियाची ‘कॅलेंडर अँड डिरेक्टरी’ यांची कोणती वर्षं आहेत, हे कळवाल का? सगळे खंड नकोत. 1921 पासून मागे साधारण पाच-पाच वर्षांच्या अंतराने एक मिळाला तरी पुरे. त्यात मला मुंबईच्या व्यापारी पेढ्यांचा विभाग आणि रहिवाशांची अकारविल्हे यादी, एवढंच पाहायचं आहे.
खंड आधी काढून ठेवावे लागत असतील तर किती दिवस आधी कळवू? फ्लॅश न वापरता मोबाइलवर फोटो काढता येतील का? मार्गदर्शकांचं पत्र जोडलं आहे.
आपली विश्वासू

‘या पेढीचे मूळ मालक कोण, कृपया कळवावे’ असं लिहिलं असतं, तर मॅडमनी काय करावं? मालकांची यादी कुठल्याच कपाटात नसते. खंडाचं नाव, वर्षं आणि विभाग सांगितला की त्यांना फक्त कपाटाकडे जायचं असतं. स्पेलिंगं द्यायची, कारण पारशी आणि गुजराती आडनावं दर खंडात वेगळी छापलेली असतात. शेवटी ‘ji’ की ‘jee’, एवढ्यानेही अकारविल्हे यादीत नाव सरकतं. आणि दोन्ही डिरेक्टऱ्या मागायच्या, कारण थॅकरची डिरेक्टरी 1885 पासून अख्ख्या हिंदुस्थानची झाली. त्याआधी ती बंगालची होती. 1872 च्या मुंबईसाठी टाइम्सचीच पाहावी लागते.

उत्तर नेमकं आलं: थॅकरचे मधलेमधले खंड आहेत, टाइम्सचे नाहीत, अकरानंतर या, आदल्या दिवशी फोन करा, टाइम्सच्या डिरेक्टरीसाठी एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयाला विचारा. शेवटचं वाक्य मी मागितलं नव्हतं. प्रश्न नेमका असला की ग्रंथपाल पुढचा पत्ताही सांगतात.

सीएसएमटीला उतरून पायीच गेले. पावसाळ्यात जाणार असाल तर छत्री आणि ओली बॅग बाहेर ठेवायची तयारी ठेवा. या खंडांचा कागद इतका ठिसूळ असतो की पान उलटताना कोपरा हातात येतो. वाचायला बसायच्या आधी डोक्यावरचा पंखा बंद करायला सांगा, घाम आला तरी चालेल. शाईचं पेन बाहेर काढू नका, पेन्सिल न्या. झेरॉक्स मागू नका, हजार-दीड हजार पानांचा खंड यंत्रावर उपडा घातला की शिवण तुटते.

आता नोंद कशी वाचायची ते. पेढीच्या नावाखाली पत्ता आणि धंदा, मग भागीदारांची नावं, मग असिस्टंटांची. काही नावांपुढे कंसात लंडन किंवा लिव्हरपूल असतं. तो भागीदार विलायतेत बसलेला, मुंबईत कदाचित कधी न आलेला. आणि काही नावांपुढे ‘पर प्रो.’ची खूण असते. म्हणजे या माणसाला पेढीच्या वतीने सही करायचा अधिकार आहे. पहिल्यांदा वाचणाऱ्याला तो मालक वाटतो. तो पगारी नोकर असतो, भरवशाचा असला तरी. माझ्या पेढीत 1906 च्या खंडात असं एक पारशी नाव होतं, आणि 1911 मध्ये तेच नाव खूण गळून वर भागीदारांत गेलेलं. दोन खंड शेजारी ठेवले नसते, तर तो 1906 पासूनच मालक धरला गेला असता.

मागे जायची रीत सोपी आहे. 1921, 1916, 1911, 1906 मध्ये पेढी सापडली. 1901 मध्ये नाही. मग 1905 पासून एकेक वर्ष खाली यायचं. 1903 च्या खंडात आहे, 1902 च्या नाही. म्हणजे या नावाची पेढी लेटरहेडवर छापलेल्या 1872 च्या तीसेक वर्षं नंतरची.

बरेच जण इथे थांबतात आणि ‘लेटरहेड खोटं’ असं लिहून मोकळे होतात. थांबू नका. पेढीचा माग तुटला की माणसाचा धरायचा. रहिवाशांच्या यादीत प्रत्येक नावापुढे धंदा आणि नोकरीचं ठिकाण असतं. 1901 च्या यादीत माझ्या दोन आडनावांपैकी थोरला भागीदार होता, ‘असिस्टंट’ म्हणून, एका वेगळ्याच नावाच्या पेढीत. त्या पेढीची नोंद उघडली: पत्ता तोच, धंदा तोच. भागीदार तीन, त्यांतला एक लंडनचा. पुढे एशियाटिकमध्ये टाइम्सच्या डिरेक्टरीत मागे गेले, तेव्हा ही जुनी पेढी 1874 च्या खंडात मिळाली आणि 1872 च्या खंडात नव्हती. डिरेक्टरीची माहिती आदल्या वर्षाच्या अखेरीस गोळा होते, त्यामुळे 1872 मध्ये सुरू झालेलं दुकान त्याच वर्षाच्या खंडात नसणं स्वाभाविकच. 1873 चा खंड मला पाहता आला नाही. लेटरहेड खोटं नव्हतं. नव्या मालकांनी जुन्या दुकानाचं वय आपल्या पाटीवर घेतलं होतं, एवढंच.

एशियाटिक सोसायटी म्हणजे हॉर्निमन सर्कलसमोरचा टाउन हॉल. पायऱ्या बऱ्याच आहेत. गुडघे दुखत असतील तर आधी फोन करून दुसरी वाट आहे का विचारा. सभासद नसाल तर संशोधक म्हणून बसण्याची परवानगी आधीच घ्या आणि मार्गदर्शकांचं पत्र, ओळखपत्र न्या. जायच्या आधी त्यांचा ग्रंथसंजीवनी हा डिजिटल संग्रह घरी बसून चाळा. `archive.org` वरही थॅकरचे काही खंड आहेत. तिथल्या शोधखिडकीवर मात्र विसंबू नका. दोन-तीन स्तंभांची बारीक छपाई आणि जागोजागी आखडलेली नावं यंत्राला वाचता येत नाहीत. ‘सापडलं नाही’ असं आलं, तर पान उघडून डोळ्यांनी पाहा.

डिरेक्टरीत नाव आहे म्हणजे मालकी सिद्ध झाली, असं नाही. छापणाऱ्याला पेढीने जे कळवलं ते छापलं. शिवाय देशी पेढ्यांची नोंद फार तोकडी असते. मांडवी किंवा भुलेश्वरच्या पेढीचं नुसतं नाव मिळालं तरी नशीब. म्हणून भागीदार बदलल्याची वर्तमानपत्रातली जाहीर नोटीस गाठायची. 1903 च्या खंडात पेढी पहिल्यांदा दिसते, म्हणजे बदल 1902 मध्ये झालेला असणार. साहेबी पेढ्यांचे हिशेब बहुधा 30 जून किंवा 31 डिसेंबरला मिटत, म्हणून आधी जुलैचे आणि जानेवारीचे अंक काढायचे. देशी पेढीसाठी दिवाळीनंतरचे पंधरा दिवस, कारण तिथे नवी वही पाडव्याला उघडते. टाइम्सचे जुने अंक स्कॅन करून ठेवलेल्या डेटाबेसमध्ये आहेत. विद्यापीठाच्या ग्रंथालयाने तो घेतला आहे का, ते विचारा. माझी नोटीस जुलै 1902 मध्ये जाहिरातींच्या स्तंभात होती: लंडनचा भागीदार निवृत्त, धंदा यापुढे अमुक नावाने चालेल, येणं-देणं नव्या पेढीकडे.

विलायतेत भागीदार असेल तर लंडन गॅझेट, म्हणजे ब्रिटिश सरकारचं राजपत्र, अवश्य पाहा. `thegazette.co.uk` वर ते फुकट शोधता येतं. भागीदारी मोडल्याच्या नोटिशीत सगळ्या भागीदारांची पूर्ण नावं असतात, आणि तीच पेढी मुंबईत एका नावाने व लिव्हरपुलात दुसऱ्या नावाने चालत असेल तर दोन्ही नावं. मुंबईच्या डिरेक्टरीत हे दुसरं नाव अनेकदा मिळत नाही. ते मिळालं की लंडनच्या गिल्डहॉल ग्रंथालयालाही वरच्यासारखंच पत्र लिहिता येतं. लंडनच्या जुन्या व्यापारी डिरेक्टऱ्यांचा मोठा संग्रह तिथे आहे.

काळा घोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्याचं पुराभिलेखागार आहे. मुंबई सरकारचं गॅझेट पाहायचं तर तिथे जा, पण सोमवार ते शुक्रवारच; शनिवारी सरकारी सुट्टी. मागणीचिठ्ठी सकाळी दिलेली बरी. दप्तर येईपर्यंत बोरा बाजारात जेवून येता येतं. चिठ्ठीवर ‘1902, जुलै’ इतकं तरी लिहा. नुसतं ‘1902’ लिहिलं तर वर्षभराचे गठ्ठे समोर येतात, आणि खोली बंद व्हायची वेळ काही पुढे ढकलत नाहीत.